सुट्या भागांच्या कपाटाची लिस्टिंग

फ्लॅट-पॅक फर्निचर म्हणजे सुट्या फळ्या, स्क्रू, बिजागऱ्या आणि जोडणीची पुस्तिका यांचा पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरलेला संच. कपाट, टेबल किंवा पलंग तयार होतो तो ग्राहकाच्या घरी. आयकिया या स्वीडिश कंपनीने १९५० च्या दशकात ही पद्धत मोठ्या प्रमाणावर रुजवली. तिचे भारतातले पहिले दालन २०१८ मध्ये हैदराबादला आणि दुसरे २०२० मध्ये नवी मुंबईत तुर्भे येथे सुरू झाले. देशी कंपन्याही आता अशी कपाटे बनवतात. ती ऑनलाइन विकली जातात, परतही येतात, आणि परत आलेला माल छोटे व्यापारी कमी किमतीत पुन्हा विकायला काढतात.

अशा मालाची लिस्टिंग लिहिणाऱ्यापुढची अडचण वेगळी असते. सुताराने घरी येऊन बनवलेले किंवा दुकानात उभे असलेले कपाट पाहता येते, दार उघडून हात फिरवता येतो. इथे विक्रेत्याच्या गोदामात खोकी असतात आणि ग्राहकाला हवे असते उभे कपाट. या दोन अवस्थांच्या मध्ये जिना, लिफ्ट, खोलीतली मोकळी जागा आणि काही तासांचे काम असते. म्हणून लिस्टिंगमधला प्रत्येक आकडा कोणत्या अवस्थेचा आणि कोणत्या अटीवर खरा, हे त्याच्या शेजारीच लिहावे लागते. अट न लिहिलेला आकडा बरोबर असूनही माणसाला फसवतो.

एक कपाट घेऊन हे पाहता येईल. दोन दारांचे, १८ मिलिमीटर जाडीच्या लॅमिनेट केलेल्या पार्टिकल बोर्डाचे, मधोमध उभी फळी असलेले. डाव्या भागात कपडे टांगायची दांडी आणि वर एक कप्पा, उजव्या भागात चार कप्पे. माल तीन खोक्यांत आहे. ग्राहकाने मागवले, एक खोके उघडले आणि परत केले, असे हे कपाट पुण्यातल्या एखाद्या व्यापाऱ्याकडे आले आहे असे समजू.

लिस्टिंगमध्ये या कपाटाचे माप बहुतेक वेळा असे लिहिलेले आढळते: १०० × ५८ × २१० सेंमी. यातला कोणता आकडा रुंदीचा आणि कोणता खोलीचा, हे ग्राहकाने ओळखायचे असते. आधी रुंदी, मग खोली, मग उंची असा क्रम बऱ्याच कंपन्या पाळतात, पण सगळ्या पाळत नाहीत. म्हणून प्रत्येक आकड्यापुढे शब्द लिहावा. त्यातही ५८ हा आकडा बंद दारांसकट आहे. मुठी आणखी तीन सेंटिमीटर पुढे येतात, त्यामुळे भिंतीपासून एकूण ६१ सेंमी जागा जाते. आपल्याकडच्या बहुतेक घरांत भिंतीच्या पायथ्याशी फरशीची पट्टी असते आणि ती भिंतीच्या पुढे सुमारे एक सेंटिमीटर आलेली असते. कपाटाच्या तळाला मागून खाच नसेल तर कपाट तेवढे पुढेच उभे राहते. दार ५० सेंमी रुंद असल्याने ते काटकोनात उघडल्यावर भिंतीपासून १०६ सेंमीपर्यंत येते. पलंग आणि कपाट यांच्यातली जागा मोजणाऱ्याला हाच आकडा लागतो, आणि लिस्टिंगमध्ये नेमका तोच सापडत नाही.

बाहेरच्या मापांवरून आतली मापे काढताना फळ्यांची जाडी विसरली जाते. शंभर सेंटिमीटर रुंद कपाटात १८ मिमीच्या तीन उभ्या फळ्या आहेत, म्हणजे ५.४ सेंमी त्यातच गेले. उरलेल्या ९४.६ सेंमीचे दोन भाग केले की प्रत्येक भागाची आतली रुंदी ४७.३ सेंमी येते. साड्यांच्या घड्या किंवा कपड्यांच्या पिशव्या कप्प्यात बसतील का, हे या आकड्यावर ठरते. दांडीपासून खालच्या फळीपर्यंतचे अंतरही द्यावे, कारण लांब कुर्ता किंवा शेरवानी टांगायची असेल तर तेच पाहिले जाते.

सगळ्यात जास्त घोटाळा उंचीत होतो. कपाट २१० सेंमी उंच आहे. मुंबई-पुण्याकडच्या कित्येक खोल्यांत एका भिंतीला माळा असतो आणि त्याचा तळ जमिनीपासून सात फुटांवर, म्हणजे २१३ सेंमीवर असतो. ग्राहक माळ्याखाली मोजतो, तीन सेंटिमीटर शिल्लक दिसतात, कपाट मागवतो. पण अशी कपाटे जमिनीवर आडवी ठेवून जोडतात आणि मग उभी करतात. उभे करताना कपाटाचा कर्ण छताखालून जावा लागतो. दारे नंतर लागतात, म्हणून खोली फक्त सांगाड्याची, ५६ सेंमी धरायची. २१० चा वर्ग ४४१००, ५६ चा वर्ग ३१३६. बेरजेचे वर्गमूळ २१७ च्या थोडे वर. म्हणजे कपाट उभे होताना त्याचा एक कोपरा २१७ सेंटिमीटरच्या थोडा वर जातो. माळ्याखाली ते कधीच उभे होणार नाही. खोलीच्या मध्ये, उंच छताखाली उभे करून मग आत सरकवता येईल, पण त्यासाठी खोलीत सव्वादोन मीटर लांबीची मोकळी जागा हवी. लिस्टिंगमध्ये एक वाक्य पुरते: उभे करताना किमान २२० सेंमी मोकळी उंची हवी. हे वाक्य नसल्यामुळे परत येणारे कपाट सगळ्यांनाच महाग पडते, कारण परतीची वेळ येते तेव्हा ते अर्धे जोडून झालेले असते.

खोक्यांची मापे वेगळी द्यायची. या कपाटाचे सर्वात लांब खोके, ज्यात बाजूच्या दोन आणि मधली अशा तीन फळ्या आहेत, २१६ × ६२ × ७ सेंमी आहे आणि त्याचे वजन ४४ किलो. दारांचे आणि पाठीच्या पातळ फळीचे खोके २०६ सेंमी लांब, ३० किलो. तिसरे, आखूड पण जाड, ३४ किलो. सगळे मिळून १०८ किलो. चाळीच्या जिन्याच्या वळणावरून दोन मीटरहून लांब खोके वळेल का, लिफ्टमध्ये तिरके धरून जाईल का, दोघांना उचलेल का, हे ग्राहक या आकड्यांवरून स्वतः ठरवू शकतो. फक्त एकूण वजन दिले तर त्यातले काहीच कळत नाही. कपाट जोडलेल्या अवस्थेत दारातून आत जाणार नाही, ते ज्या खोलीत ठेवायचे त्याच खोलीत जोडावे लागेल, हेही इथेच लिहून टाकावे.

मापे सेंटिमीटरमध्ये लिहावीत. पॅकबंद मालाच्या माहितीसाठी भारतीय वजन-माप कायद्याला दशमान एकके लागतात. मात्र घरातली माणसे आणि सुतार अजून फूट, इंच आणि सूत यांतच मोजतात. तेव्हा मुख्य आकड्यांशेजारी फूट-इंच दिले तर उपयोगच होतो, फक्त ते गोल करून फुगवू नयेत. २१० सेंमी म्हणजे सहा फूट पावणेअकरा इंच. त्याला ‘सात फुटी’ म्हटले की माळ्याचा हिशेब पुन्हा चुकतो.

वजनक्षमतेबद्दल ‘मजबूत’, ‘हेवी ड्यूटी’ हे शब्द निरुपयोगी आहेत. निर्मात्याच्या पुस्तिकेत बहुधा प्रत्येक कप्प्याची मर्यादा किलोत दिलेली असते. या कपाटाच्या पुस्तिकेत ती कप्प्याला १५ किलो आणि दांडीला १५ किलो आहे असे धरू. तो आकडा तसाच उतरवून पुढे ‘वजन सारखे पसरलेले असताना’ हे शब्द जोडायचे. चौदा किलोची वस्तू कप्प्याच्या मधोमध ठेवली तर फळीवर येणारा ताण तेच वजन पसरून ठेवल्यापेक्षा दुप्पट असतो. शिवणयंत्राचे डोके किंवा दागिन्यांची लोखंडी पेटी ठेवणाऱ्याला हा फरक माहीत असायला हवा.

फळीची लांबी का महत्त्वाची, हेही जाणून घेण्यासारखे आहे. दोन्ही टोकांना टेकलेल्या फळीवर सारखे वजन पसरले, तर तिचा मधला झोल लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो आणि जाडीच्या तिसऱ्या घाताने कमी होतो. या कपाटात मधली उभी फळी नसती, तर ४७.३ ऐवजी ९४.६ सेंमी लांबीच्या फळीवर दर सेंटिमीटरला तेवढेच वजन ठेवून झोल सोळापट झाला असता. त्यामुळे ‘तसेच कपाट, फक्त मधली फळी नाही’ असे दुसरे मॉडेल विकताना पहिल्याचा आकडा उचलून चालत नाही. पार्टिकल बोर्डाचा आणखी एक स्वभाव आहे: सतत वजन राहिले की झोल महिनोन्‌महिने थोडा थोडा वाढत जातो आणि वजन काढल्यावर पूर्ण भरून येत नाही. म्हणून पहिल्या दिवशी २५ किलो ठेवून ‘काही झाले नाही’ हा पुरावा होत नाही.

कप्प्यांच्या मर्यादा बेरजेने संपूर्ण कपाटाला लावता येत नाहीत. पाच कप्पे गुणिले पंधरा अधिक दांडी, म्हणून ९० किलो असे लिहिणे चूक आहे, कारण तळ, जोडणीचे स्क्रू आणि पाठीची फळी यांची मर्यादा वेगळी असते. निर्मात्याने एकूण आकडा दिला असेल तर तो द्यावा, नसेल तर गप्प राहावे. आपल्या घरांत कपाटाच्या डोक्यावर सूटकेसा, गाद्या, दिवाळीचे सामान चढवायची सवय असते. वरच्या फळीवर वजन चालेल की नाही, हे ग्राहक विचारण्याआधी सांगावे. पुस्तिकेत त्याचा उल्लेख नसेल तर ‘वरच्या फळीची मर्यादा निर्मात्याने दिलेली नाही’ एवढे प्रामाणिक वाक्य पुरे.

किलोंचा अंदाज बऱ्याच जणांना नसतो, म्हणून एखादे उदाहरण द्यावे. जरीची रेशमी साडी साधारण पाऊण किलोची धरली तर १५ किलोच्या कप्प्यात वीस साड्या येतात. पुस्तकांची एक मीटरची ओळ २५ ते ३० किलो भरते, म्हणजे ४७ सेंमीच्या कप्प्यात दाटून एक ओळ भरली की मर्यादा जवळ येते आणि दुसरी ओळ मागे लावायला जागा असली तरी लावता येत नाही.

कपाट भिंतीला जखडण्याची पट्टी ही वजनक्षमतेहून वेगळी गोष्ट आहे, पण तिचा उल्लेख याच भागात हवा. दारे उघडी असताना किंवा लहान मूल कप्प्यावर चढले तर उंच कपाट पुढे कलंडते. अमेरिकेत २०१६ मध्ये मुले दगावल्यानंतर आयकियाने भिंतीला न जखडल्यास कलंडणारी ड्रॉवरची कपाटे कोट्यवधींच्या संख्येने परत बोलावली होती. पट्टी संचात आहे का, भिंतीचा प्लग आणि स्क्रू आहेत का, की ते ग्राहकाने आणायचे, हे लिहावे. भिंती विटांच्या, काँक्रीटच्या किंवा पोकळ ब्लॉकच्या असतात आणि प्रत्येकीला वेगळा प्लग लागतो, म्हणून तो बहुधा संचात नसतोच.

खोक्याची अवस्था हा परत आलेल्या मालाच्या लिस्टिंगचा गाभा आहे. ‘नवा, बॉक्स ओपन’ या शब्दांत तीन निराळ्या गोष्टी लपू शकतात. पहिली, खोके उघडून फक्त पाहिले आणि बंद केले. दुसरी, भाग बाहेर काढले, काही स्क्रू लावले आणि परत भरले. तिसरी, कपाट पूर्ण जोडले, वापरले आणि सोडवून पुन्हा खोक्यात घातले. तिसऱ्या प्रकाराची किंमत पहिल्याइतकी असू शकत नाही. पार्टिकल बोर्डात स्क्रूने कापलेले आटे पुन्हा तितकेसे धरत नाहीत. बिजागरीचा स्क्रू दुसऱ्यांदा लावताना गोल फिरत राहिला तर छिद्र सैल झाले आहे असे समजावे. फळ्या जोडणारे मिनीफिक्स हे गोल कुलूप अर्ध्या फेरीत आवळायला हवे. तसे होत नसेल तर त्याचे घर खाल्ले गेले आहे. खिळ्यांनी ठोकलेली पाठीची पातळ फळी काढताना बहुधा कडेला फाटते.

आपल्या उदाहरणात दोन खोक्यांवर कारखान्याची चिकटपट्टी शाबूत आहे. दाराच्या खोक्यावर नवी तपकिरी पट्टी आहे, म्हणजे उघडलेले तेच. विक्रेत्याने ते पुन्हा उघडून भाग पुस्तिकेतल्या यादीशी ताडावेत. प्रत्येक फळीवर आकडा किंवा अक्षर चिकटवलेले असते. हार्डवेअरच्या पिशव्या सीलबंद असतील तर तसे लिहावे. फाटलेली असेल तर स्क्रू मोजून, कमी-जास्त असतील त्या संख्येसह लिहावे. ‘सर्व भाग आहेत’ असे न मोजता लिहिले आणि एक बिजागरी कमी निघाली, तर अख्खे कपाट जमिनीवर आडवे पडून राहते.

पावसाळ्यातल्या मालाकडे जरा जास्त बारकाईने पाहावे लागते. पार्टिकल बोर्डाच्या कापलेल्या कडेत पाणी शिरले की लाकडाचा भुसा फुगतो आणि वाळल्यावरही मूळ जाडीवर येत नाही. पुठ्ठ्यावर पिवळट पाण्याची रेघ असेल तर ती जिथे आहे तिथल्या फळीची कड व्हर्नियरने मोजावी. १८ मिमीची फळी एका कोपऱ्यात १९ किंवा २० मिमी भरली, किंवा कडेची पट्टी बोटाला उचलल्यासारखी लागली, तर तो कोपरा फुगला आहे. अशी फळी कोणत्या जागी लागते हेही सांगावे. तळाची मागची कड फुगली असेल तर ती भिंतीकडे लपते आणि किमतीत फरक पाडून विकता येते. दाराची कड फुगली असेल तर दार घासेल. कोपरा आपटून चेपलेला असेल तर शेजारी पट्टी ठेवून फोटो काढावा, म्हणजे नुकसान किती सेंटिमीटरचे हे शब्दांशिवाय कळते. खोक्यावरच्या लेबलचा, मॉडेल क्रमांक आणि तुकडीचा क्रमांक दिसेल असा फोटोही द्यावा. सुटा भाग मागवायचा झाला तर ग्राहकाला तोच लागतो.

व्यापारी विक्रेत्याला इथे कायद्याचीही बाजू आहे. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार ऑनलाइन जाहिरातीतले वर्णन मालाच्या प्रत्यक्ष गुणांशी जुळावे लागते, आणि परतीच्या अटी व मालाचा मूळ देश सांगावा लागतो. घरातले एखादे कपाट विकणाऱ्या कुटुंबाला हे नियम त्या रूपात लागू होत नाहीत, पण त्यांच्या ग्राहकालाही नेमकी तीच माहिती हवी असते.

जोडणीचा वेळ लिहिताना ‘३० मिनिटांत तयार’ असे आकडे टाळावेत. वेळ माणसांच्या संख्येसह आणि कुठून कुठपर्यंत मोजला ते सांगून द्यायचा. या कपाटासाठी हिशेब साधारण असा बसतो: भाग काढून मोजणे आणि लावून ठेवणे वीस मिनिटे, लाकडी खुंट्या आणि मिनीफिक्सच्या पिना बसवणे अर्धा तास, सांगाडा जोडणे अर्धा तास, पाठीची फळी ठोकणे वीस-पंचवीस मिनिटे, उभे करून सरळ करणे दहा, दारे टांगून बिजागऱ्या जुळवणे पाऊण तास, कप्पे आणि दांडी पंधरा. एकूण जवळजवळ तीन तास होतात, तेही दोन माणसांना, पहिल्यांदाच करताना. सवयीचा फिटर जोडीदारासह हेच काम दीड तासात करील. एकट्याने करायचे म्हटले तर वेळ दुप्पट होतो असेही नाही. कपाट उभे करण्याचा टप्पा एकट्याने सुरक्षितपणे होतच नाही. सांगाड्याचे वजन ६५ किलोंच्या वर जाते. भिंतीत छिद्र पाडून पट्टी लावणे या हिशेबाच्या बाहेर आहे, त्याला आणखी अर्धा तास आणि ड्रिल लागते.

वेळ सर्वात जास्त जातो तो पाठीची फळी चुकीची ठोकल्यावर. ठोकण्याआधी सांगाड्याचे दोन्ही कर्ण मोजायचे असतात. १०० × २१० च्या चौकटीत दोन्ही २३२.६ सेंमीच्या आसपास भरले पाहिजेत. एकात पाच मिलिमीटरचा फरक राहिला तरी दारे वर-खाली होतात आणि बिजागऱ्यांचे स्क्रू कितीही फिरवले तरी जुळत नाहीत. मग खिळे काढून पहिल्यापासून सुरुवात. पुस्तिकेत हे एका छोट्या चित्रात असते आणि नजरेतून सुटते. लिस्टिंगमध्ये ते एका ओळीत लिहिले तर ग्राहकाचा तासभर वाचतो. लागणारी हत्यारेही द्यावीत: चार पाकळ्यांचा स्क्रूड्रायव्हर, हातोडी, मोजपट्टी. बॅटरीचा स्क्रूड्रायव्हर वापरायचा तर सर्वात कमी जोरावर ठेवावा, नाहीतर पार्टिकल बोर्डातले आटे पहिल्याच खेपेला उडतात.

हे सगळे एकत्र केल्यावर लिस्टिंग अशी दिसते:

‘दोन दारी कपाट, पांढरे, १८ मिमी लॅमिनेट केलेला पार्टिकल बोर्ड. सुट्या भागांत, तीन खोकी. कधीही जोडलेले नाही. जोडल्यावर रुंदी १००, खोली ५८ (मुठींसह ६१), उंची २१० सेंमी (६ फूट १०¾ इंच). दार उघडल्यावर भिंतीपासून १०६ सेंमी. आतला प्रत्येक भाग ४७.३ सेंमी रुंद. आडवे जोडून उभे करायचे असल्याने किमान २२० सेंमी मोकळी उंची हवी. सात फुटी माळ्याखाली उभे होत नाही, बाहेर उभे करून आत सरकवावे लागते. खोकी: २१६ × ६२ × ७ सेंमी, ४४ किलो, २०६ × ५४ × ६ सेंमी, ३० किलो, १०२ × ६३ × १२ सेंमी, ३४ किलो. वजनमर्यादा (निर्मात्याच्या पुस्तिकेनुसार, वजन सारखे पसरलेले असताना): कप्पा १५ किलो, दांडी १५ किलो. वरच्या फळीची मर्यादा दिलेली नाही. पहिले आणि तिसरे खोके कारखान्याच्या सीलमध्ये. दारांचे खोके आधीच्या ग्राहकाने उघडलेले. भाग यादीशी ताडून पाहिले, सर्व आहेत, बिजागऱ्यांची पिशवी सीलबंद. उजव्या दाराचा खालचा कोपरा एक सेंमी चेपलेला, फोटो क्रमांक ४. पाण्याचा डाग नाही. जोडणी: दोन माणसे, पहिल्यांदा करताना सुमारे तीन तास, भिंतीला जखडणे वेगळे. भिंतीची पट्टी संचात, प्लग नाही. हत्यारे: चार पाकळ्यांचा स्क्रूड्रायव्हर, हातोडी, मोजपट्टी. पाठीची फळी ठोकण्याआधी दोन्ही कर्ण सारखे करावेत. पोहोचवणे तळमजल्यापर्यंत.’

शेवटची ओळ मापांत मोडत नाही, पण १०८ किलोंच्या मालात तिच्यावरून सर्वात जास्त वाद होतात. वरच्या मजल्यावर चढवून देणार असल्यास कितव्या मजल्यापर्यंत आणि लिफ्ट नसेल तर किती जादा पैसे, हेही तिथेच लिहावे. पुस्तिका हाताशी नसेल तर वजनमर्यादेची ओळ गाळू नये. ‘निर्मात्याची मर्यादा उपलब्ध नाही’ असे लिहून मॉडेल क्रमांक द्यावा, म्हणजे ग्राहक ती कंपनीकडून मागवू शकतो. लिस्टिंग चढवल्यानंतर एखादे खोके पुन्हा उघडले गेले, तर खोक्यांच्या अवस्थेची ओळ आणि तिचा फोटो त्याच दिवशी बदलावा लागतो.